एका षट्कोनात झाडे किती?

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग हे गाव लागते. तालुका दक्षिण सोलापूर. पाऊस कमी, हवा कोरडी. अशा हवेत बोराची बाग चांगली येते. समजा, वळसंगच्या शिवारात एक चौरस तुकडा आहे. त्याची प्रत्येक बाजू ६० मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३६०० चौरस मीटर. एक एकराला थोडे कमी. त्यात बोराची रोपे लावायची आहेत. दोन झाडांमध्ये ६ मीटर अंतर हवे. पावसाळ्यापूर्वी खड्डे घ्यायचे आहेत आणि रोपवाटिकेत रोपांची मागणी नोंदवायची आहे. प्रश्न एवढाच, की रोपे किती सांगायची?

चौरस पद्धतीने लावायचे तर हिशेब तोंडी होतो. बांधापासून ३ मीटर आत पहिली ओळ, पुढे दर ६ मीटरला एक झाड. एका ओळीत १० झाडे आणि अशा १० ओळी, म्हणजे १०० झाडे. पण फळबागेच्या पुस्तकात आणखी एक पद्धत दिलेली असते. तिला षट्कोनी पद्धत म्हणतात. तिच्यात दुसऱ्या ओळीतील झाडे पहिल्या ओळीतील दोन झाडांच्या मधोमध येतील अशी सरकवून लावतात, आणि कोणतेही झाड आपल्या सर्व शेजाऱ्यांपासून सारख्याच अंतरावर राहते. या पद्धतीने तेवढ्याच जागेत सुमारे १५ टक्के झाडे जास्त बसतात, असेही पुस्तकात लिहिलेले असते. हे १५ टक्के कोठून आले? आणि वळसंगच्या या तुकड्यात ते खरोखरच मिळतात का? वही, पट्टी आणि कंपास घेऊन बसा. आपण हे शोधून काढू.

वहीत एक बिंदू घ्या. ते एक झाड समजा. त्याला म असे नाव द्या. १ सेंटिमीटर म्हणजे २ मीटर असे प्रमाण धरले तर ६ मीटरसाठी कंपासात ३ सेंटिमीटर अंतर घ्यावे लागेल. म केंद्र धरून ३ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. मधल्या झाडाचे शेजारी याच वर्तुळावर कोठेतरी असले पाहिजेत, कारण त्यांचे म पासूनचे अंतर ६ मीटर आहे. आता कंपासातील अंतर मुळीच न बदलता वर्तुळावर एक बिंदू घ्या, तेथे कंपासाचे टोक ठेवून वर्तुळावर पुढची खूण करा, त्या खुणेवर टोक ठेवून त्याच्या पुढची खूण करा. असे करत गेलात, की सहावी खूण बरोबर सुरुवातीच्या बिंदूवर येऊन पडते. थोडी मागे नाही की थोडी पुढे नाही.

हे असे का होते? शेजारच्या दोन खुणा आणि म यांना जोडा. या त्रिकोणाच्या दोन बाजू वर्तुळाच्या त्रिज्या आहेत आणि तिसरी बाजू आपण कंपासाने तेवढीच घेतली आहे. म्हणजे हा त्रिकोण समभुज झाला, आणि समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो. म भोवतालचा एकूण कोन ३६० अंश, म्हणून असे सहाच त्रिकोण म भोवती बसतात आणि मध्ये फट उरत नाही. ओळीने सहा खुणा जोडल्या की सुसम षट्कोन तयार होतो.

उलट बाजूनेही हेच सिद्ध करता येते. कोणताही सुसम षट्कोन घ्या आणि त्याच्या परिवर्तुळाचा केंद्रबिंदू सहा शिरोबिंदूंना जोडा. सहा त्रिकोण मिळतात. त्यांच्या सर्व बाजू परस्परांशी जुळतात, म्हणून बा-बा-बा कसोटीने ते एकरूप आहेत. केंद्राजवळचे सहा कोन सारखे, म्हणून प्रत्येक ६० अंशांचा. त्रिकोणाच्या दोन बाजू त्रिज्या असल्यामुळे उरलेले दोन कोन परस्परांइतके, आणि त्यांची बेरीज १२० अंश. म्हणजे तेही ६० अंशांचेच. त्रिकोण समभुज ठरला. तेव्हा सुसम षट्कोनाच्या परिवर्तुळाची त्रिज्या त्याच्या बाजूएवढीच असते. पंचकोनाला किंवा सप्तकोनाला हे भाग्य नाही. पंचकोनात केंद्राजवळचा कोन ७२ अंशांचा होतो, त्रिकोण समभुज राहत नाही, आणि बाजू त्रिज्येपेक्षा मोठी होते.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होती. आर्यभटाने इ. स. ४९९ मधील आर्यभटीयात, परिघाच्या सहाव्या भागाची जीवा त्रिज्येएवढी असते, असे सांगितले आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीत २००० व्यासाच्या वर्तुळात बसणाऱ्या सुसम बहुभुजांच्या बाजू दिल्या आहेत. त्यांत पंचकोनाची बाजू ११७५ आणि वर काही अपूर्णांक अशी येते. त्रिकोण, चौरस, सप्तकोन यांच्या बाजूंनाही अपूर्णांकाचे शेपूट आहे. षट्कोनाची बाजू मात्र नेमकी १०००, म्हणजे त्रिज्येएवढी.

आता क्षेत्रफळाकडे वळू. षट्कोनाचे सहा समभुज त्रिकोण झालेच आहेत, तेव्हा एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढले की काम झाले. त्रिकोणाचा पाया ६ मीटर. वरच्या शिरोबिंदूपासून पायावर लंब टाका. तो पायाचे ३ मीटरचे दोन सारखे भाग करतो. अर्ध्या भागात जो काटकोन त्रिकोण मिळतो त्याचा कर्ण ६ मीटर आणि एक बाजू ३ मीटर आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने

लंबाचा वर्ग = ३६ − ९ = २७
लंब = √२७ = ५.१९६ मीटर

म्हणून एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ = ½ × ६ × ५.१९६ = १५.५९ चौरस मीटर, आणि षट्कोनाचे क्षेत्रफळ त्याच्या सहापट, म्हणजे ९३.५३ चौरस मीटर. ६ च्या जागी कोणतीही बाजू ब घेतली, तर लंब (√३ ÷ २) × ब इतका येतो, त्रिकोणाचे क्षेत्रफळ (√३ ÷ ४) × ब² आणि षट्कोनाचे (३√३ ÷ २) × ब², म्हणजे जवळजवळ २.५९८ × ब². सूत्र पाठ करायचे असेल तर जरूर करा, पण सहा त्रिकोणांची आकृती डोळ्यांसमोर असली की ते केव्हाही पुन्हा काढता येते. लंबाची ५.१९६ मीटर ही संख्या मात्र लक्षात ठेवा. षट्कोनी बागेतील दोन ओळींमधले अंतर तेच आहे. झाडांमधले अंतर ६ मीटर असले, तरी ओळी ६ मीटरवर नसून सुमारे ५ मीटर २० सेंटिमीटरवर येतात.

आता रोपांचा हिशेब करू. आणि येथेच एक मोठा खड्डा आहे. बोराचा नव्हे, गणितातला. षट्कोनाच्या सहा शिरोबिंदूंवर सहा झाडे आणि मध्ये एक, अशी ७ झाडे दिसतात. षट्कोनाचे क्षेत्रफळ ९३.५३ चौरस मीटर आहे. ३६०० ला ९३.५३ ने भागले की ३८.४९ येतात. म्हणजे साडेअडतीस षट्कोन, प्रत्येकात ७ झाडे, एकूण सुमारे २६९ झाडे! चौरस पद्धतीत १०० झाडे बसत होती आणि आता एकदम २६९? दोन्ही ठिकाणी झाडांमधले अंतर ६ मीटरच आहे, तेव्हा उत्तर चुकले आहे हे उघड आहे. या हिशेबावर विसंबून कोणी रोपे आणली तर दीडशेहून अधिक रोपे बांधावर पडून वाळतील.

चूक कोठे झाली? शिरोबिंदूवरचे झाड एकट्या आपल्या षट्कोनाचे नाही. वहीतल्या आकृतीच्या बाहेर आणखी त्रिकोण जोडत जा, म्हणजे हे दिसेल. कोणत्याही झाडाभोवती ६० अंशांचे सहा त्रिकोण जमतात. आपल्या षट्कोनाच्या एका कोपऱ्याचा कोन १२० अंशांचा आहे, म्हणजे त्या सहांपैकी दोनच त्रिकोण आपल्या षट्कोनात आहेत. म्हणून त्या झाडाचा एक तृतीयांश हिस्सा आपला आणि दोन तृतीयांश शेजाऱ्यांचा. सहा कोपऱ्यांवरची सहा झाडे मिळून २ झाडे झाली. मधले झाड पूर्णपणे आपले. एकूण ३. डोळ्यांना सात दिसतात, पण षट्कोनाच्या मालकीची झाडे तीनच.

दुसऱ्या रीतीने पडताळून पाहू. एका त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन झाडे आहेत. प्रत्येक झाडाचा एक षष्ठांश हिस्सा त्या त्रिकोणाचा. तीन षष्ठांश म्हणजे अर्धे झाड. सहा त्रिकोण, प्रत्येकी अर्धे झाड, म्हणजे पुन्हा तीन. हिशेब जुळला.

तेव्हा एका झाडाच्या वाट्याला येणारी जमीन ९३.५३ ÷ ३ = ३१.१८ चौरस मीटर. चौरस पद्धतीत प्रत्येक झाडाला ६ × ६ = ३६ चौरस मीटर लागत होते. ३६ ÷ ३१.१८ = १.१५४७. पुस्तकातले १५ टक्के ते हेच. हा भागाकार नेमका २ ÷ √३ इतका आहे. त्यात झाडांमधले अंतर कोठेच येत नाही. अंतर ३ मीटर असो की १० मीटर असो, प्रमाण तेच राहते.

पण प्रत्येक झाडाच्या वाट्याला आलेली ही ३१.१८ चौरस मीटर जमीन दिसते कशी? जमिनीतला प्रत्येक बिंदू आपल्याला सर्वांत जवळच्या झाडाच्या नावावर लिहायचा, असे ठरवू. म आणि त्याचा एक शेजारी यांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक काढा. दुभाजकाच्या अलीकडची जमीन म ची, पलीकडची शेजाऱ्याची. असे सहा शेजाऱ्यांसाठी सहा लंबदुभाजक काढले की म भोवती एक लहान षट्कोन तयार होतो. तोही सुसमच आहे, फक्त मोठ्या षट्कोनाच्या तुलनेत ३० अंशांनी फिरलेला. म पासून त्याच्या प्रत्येक बाजूचे लंब अंतर ३ मीटर आहे, शेजाऱ्याच्या अंतराच्या निम्मे. आता या लहान षट्कोनाची बाजू काढू. ती ल मानू. तिच्यावरच्या समभुज त्रिकोणाचा लंब ३ मीटर आहे, म्हणून (√३ ÷ २) × ल = ३, म्हणजे ल = ६ ÷ √३ = ३.४६ मीटर. ल चा वर्ग बरोबर १२ येतो, आणि क्षेत्रफळ २.५९८ × १२ = ३१.१८ चौरस मीटर. झाडाचा वाटा जसाच्या तसा मिळाला. मोठ्या षट्कोनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा.

या लहान षट्कोनाचे परिवर्तुळही बागाईतदाराला काही सांगते. परिवर्तुळाची त्रिज्या बाजूएवढी, म्हणजे ३.४६ मीटर. लहान षट्कोनाचा शिरोबिंदू ही तीन झाडांच्या मधली जागा आहे. बागेत झाडापासून सर्वांत दूरची जागा हीच. झाडांचा घेर वाढत वाढत ३ मीटर त्रिज्येचा झाला की सहाही शेजाऱ्यांच्या फांद्या एकाच वेळी एकमेकींना टेकतात, आणि तरीही शिरोबिंदूंजवळ थोडी जमीन मोकळी राहते. किती? घेराखाली ३.१४१६ × ९ = २८.२७ चौरस मीटर जमीन आली. ३१.१८ पैकी २८.२७ म्हणजे जवळजवळ ९१ टक्के. चौरस पद्धतीत घेर तेवढाच, पण वाटा ३६ चा, म्हणून फक्त साडेअठ्ठ्याहत्तर टक्के जमीन झाकली जाते. तेथे चार झाडांच्या मधला बिंदू प्रत्येक झाडापासून ४.२४ मीटर दूर राहतो. सारख्या आकाराची वर्तुळे सपाट जागेत यापेक्षा दाट बसविताच येत नाहीत, याची पूर्ण सिद्धता हंगेरीच्या फेयेश तोथ या गणितज्ञाने १९४० मध्ये दिली.

आता वळसंगच्या तुकड्यात परत या. कागदावर ३६०० ÷ ३१.१८ = ११५.४७, म्हणजे ११५ झाडे बसायला हवीत. प्रत्यक्ष मोजून पाहू. बांधापासून ३ मीटर आत पहिली ओळ घेतली. तिच्यात १० झाडे. दुसरी ओळ ५.१९६ मीटर पुढे. तिच्यातील झाडे पहिल्या ओळीतल्या झाडांच्या मधोमध यायची आहेत. दहा झाडांमध्ये मोकळ्या जागा नऊ, म्हणून दुसऱ्या ओळीत ९ झाडे. तिसऱ्या ओळीत पुन्हा १०. दोन्ही बांधांपासून तीन तीन मीटर सोडल्यावर ओळींसाठी ५४ मीटर उरतात. ५४ ÷ ५.१९६ = १०.३९, म्हणजे १० अंतरे आणि ११ ओळी. त्यांपैकी १० झाडांच्या ओळी सहा आणि ९ झाडांच्या पाच. ६० आणि ४५ मिळून १०५.

११५ नव्हे, १०५. पंधरा टक्के नफा म्हणता म्हणता हातात पाचच टक्के आले. उरलेली दहा झाडे गेली कोठे? हे केवळ "कडेला वाया जाते" एवढे म्हणून सोडून देण्यासारखे नाही, कारण त्याचा पै न पैचा हिशेब देता येतो. १०५ झाडांचा वाटा १०५ × ३१.१८ = ३२७४ चौरस मीटर. ३६०० मधून वजा केले की ३२६ उरतात. पाच ओळींत एकेक झाड कमी आहे. त्या प्रत्येक ओळीच्या दोन टोकांना मिळून एका झाडाची जमीन रिकामी राहिली. ५ × ३१.१८ = १५६. शिवाय ११ ओळींनी ११ × ५.१९६ = ५७.१६ मीटर रुंदी वापरली. ६० पैकी २.८४ मीटर रुंदीचा पट्टा जास्तीचा राहिला; ६० × २.८४ = १७०. दोन्ही मिळून ३२६. हरवलेली जमीन सापडली. तेव्हा रोपवाटिकेत १०५ रोपे सांगायची आणि मर धरून वर थोडी.

पंधरा टक्के हे पुस्तकातले उत्तर चुकीचे नाही. ते बांध नसलेल्या, अमर्याद शेताचे उत्तर आहे. शेत जितके मोठे तितका कडेचा तोटा तुलनेने लहान होत जातो. १२० मीटर बाजूचे चौरस शेत घेऊन पाहा. चौरस पद्धतीने २० ओळी, प्रत्येकी २० झाडे, एकूण ४००. षट्कोनी पद्धतीत ओळींसाठी ११४ मीटर मिळतात. ११४ ÷ ५.१९६ = २१.९४, म्हणजे २१ अंतरे आणि २२ ओळी. २० झाडांच्या अकरा आणि १९ झाडांच्या अकरा मिळून ४२९. पण त्या २१.९४ कडे नीट बघा. बावीस अंतरांना ११४.३२ मीटर लागतात आणि आपल्याजवळ ११४ आहेत. फक्त ३२ सेंटिमीटर कमी पडले आणि २० झाडांची एक अख्खी ओळ गेली! शहाणा शेतकरी दोन्ही बांधांकडे सोळा सोळा सेंटिमीटर सरकेल, बांधाचे अंतर ३ मीटरऐवजी २ मीटर ८४ सेंटिमीटर ठेवील, आणि ४४९ झाडे लावील. हा बारा टक्क्यांहून अधिक नफा झाला. भागाकार करून उत्तराचा अपूर्णांक टाकून देण्यापूर्वी तो किती मोठा आहे हे पाहावे, ते याकरिता.

जेथे ३२ सेंटिमीटरवर वीस झाडे अवलंबून आहेत तेथे आखणी दोरीने कशी करतात, तेही पाहिले पाहिजे. बांधाला समांतर पहिली ओळ आखून दर ६ मीटरला खुंटी ठोकतात. मग १२ मीटर लांबीची दोरी घेतात. तिच्या दोन्ही टोकांना फास आणि बरोबर मध्यावर गाठ. दोन फास शेजारच्या दोन खुंट्यांत अडकवायचे आणि मधली गाठ धरून दोरी दोन्ही बाजूंनी ताठ होईपर्यंत पुढे ओढायची. गाठ जेथे येईल तेथे तिसरी खुंटी. समभुज त्रिकोण तयार. कोनमापक लागत नाही, काटकोन लागत नाही, ५.१९६ हा आकडासुद्धा मोजावा लागत नाही. दोरी तो आपोआप काढून देते. असे एकेक करत दुसरी ओळ, तिच्यावरून तिसरी.

चूक झाली तर ओळखायची कशी? सर्वांत सोपी तपासणी वर्तुळाचीच. शेताच्या मध्यभागीची कोणतीही खुंटी घ्या. तिच्याभोवतीच्या सहा खुंट्या तिच्यापासून ६ मीटरवर आहेत का, आणि त्या एकमेकींपासूनही ६ मीटरवर आहेत का, हे पाहा. समजा, एकाने सैल हाताने दोरी धरून मध्यापासून ६ मीटरचे वर्तुळ आखले, आणि दुसऱ्याने तीच दोरी जोराने ताणून वर्तुळावर पावले टाकली, तर एकेक पाऊल ६ मीटर ५ सेंटिमीटरचे पडले. प्रत्येक पावलाचा कोन ६० ऐवजी सुमारे ६०.५५ अंश होईल. सहा पावलांत तीन अंशांहून थोडे जास्त वाढले, आणि सहावी खूण पहिल्या खुणेच्या जवळजवळ ३५ सेंटिमीटर पुढे जाऊन पडेल. पाच सेंटिमीटरची चूक अशी सातपट मोठी होऊन दिसते. म्हणून ही तपासणी फार चांगली आहे.

परंतु तिलाही एक मर्यादा आहे. दोरीच मुळात ६ मीटर ५ सेंटिमीटरच्या मापाची निघाली, आणि सगळीकडे सारखीच ताणली, तर सहावी खूण पहिलीवर अचूक येऊन पडेल. षट्कोन निर्दोष दिसेल, फक्त मोठा असेल. परिवर्तुळाची त्रिज्या आणि बाजू दोन्ही एकाच दोरीने मोजल्यामुळे दोन्ही सारख्याच चुकल्या. अशी चूक बावीस अंतरांत वाढत जाऊन जवळजवळ ९५ सेंटिमीटर होते. म्हणजे मोठ्या शेतात आपण जपून मिळविलेली तेविसावी ओळ बांधापासून सोडलेल्या अंतरात शिरते. सुतळी ताणली की वाढते, ओली झाली की आखडते. तेव्हा सकाळी कामाला लागताना आणि दुपारी पुन्हा एकदा दोरी पोलादी टेपला लावून पाहावी, आणि चार-पाच ओळी झाल्या की पहिल्या ओळीपासूनचे लंब अंतर टेपने मोजावे. पाच अंतरांना २५ मीटर ९८ सेंटिमीटर यायला हवे.

इतके असूनही सोलापूरकडच्या सगळ्या बागा षट्कोनी दिसत नाहीत, आणि याचे कारण गणिताचे अज्ञान नव्हे. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ मध्ये डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. डाळिंबासाठी शिफारस आहे ती ४.५ × ३ मीटरची, म्हणजे आयताची. एका झाडाला १३.५ चौरस मीटर. ३ मीटर अंतराचा षट्कोन घेतला असता तर ७.७९ चौरस मीटरमध्येच काम भागले असते. पण ओळींमधले अंतर केवळ २ मीटर ६० सेंटिमीटर राहिले असते, आणि झाडांचा घेर वाढल्यावर त्या वाटेने फवारणीचा ट्रॅक्टर कसा जाणार? षट्कोनी बागेत तीन दिशांनी कुळव चालतो हे खरे, पण तिन्ही दिशांच्या वाटा चौरस बागेपेक्षा अरुंद असतात. जेथे यंत्र फिरवायचे आहे तेथे आयत सोयीचा. बोर, चिंच अशी मोठ्या अंतरावर लावायची झाडे असतील तर मात्र षट्कोनाचा विचार करायला जागा आहे.

एक उदाहरण तुमच्यासाठी ठेवतो. वळसंगच्या तुकड्याची लांबी ६० ऐवजी ६३ मीटर असती आणि रुंदी ६० मीटरच, तर? ओळी लांबीच्या दिशेने घ्या. चौरस पद्धतीत त्या जास्तीच्या ३ मीटरचा काहीच उपयोग होत नाही, झाडे १०० च राहतात. षट्कोनी पद्धतीत मात्र सरकवलेल्या ओळीलाही दहावे झाड मिळते. वहीत आकृती काढून मोजा. ११० झाडे आली, तर आता पूर्वीसारखाच रिकाम्या जमिनीचा हिशेब करा: एका झाडाचा वाटा ३१.१८ धरून ३७८० चौरस मीटरपैकी किती जमीन कोठे उरली?